सोयाबीनची तीन दरपत्रके आणि सात स्लाइड

तीन दरपत्रके हाती आली की सादरीकरण करणारा सहसा तीन पुरवठादारांच्या तीन स्लाइड करतो. पहिल्यात पहिल्याची माहिती, यंत्राचा फोटो, क्षमता, किंमत, हमी. मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी एक मोठा तक्ता. कळंब तालुक्यातल्या ज्या शेतकरी उत्पादक कंपनीचं काम मी पाहतो, तिथे आधीच्या एका खरेदीत बाहेरच्या सल्लागाराने असंच सादरीकरण केलं होतं. तिसऱ्या पुरवठादाराच्या स्लाइडपर्यंत पहिल्याचं काही लक्षात राहिलेलं नव्हतं. लक्षात राहिली फक्त किंमत, कारण तेवढीच गोष्ट तिन्ही ठिकाणी सारखी दिसत होती. बैठक दोन तास चालली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

2023 मध्ये बियाणे प्रक्रिया केंद्राची यंत्रं घ्यायची ठरली, तेव्हा मांडणी माझ्याकडे आली. एका पुरवठादाराला एक स्लाइड द्यायची नाही, एका प्रश्नाला एक स्लाइड द्यायची, हे मी आधीच ठरवलं. प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, यावर मात्र बरेच दिवस घालवावे लागले. त्या क्रमाबद्दलच हे लिहितो आहे.

आमचं काम थोडक्यात सांगतो. सभासद सोयाबीन पिकवतात, त्यातलं चांगलं आम्ही बियाणं म्हणून तयार करतो. माल आधी चाळण्यांच्या ग्रेडरमधून जातो, मग खडे काढणाऱ्या डीस्टोनरवरून, मग ग्रॅव्हिटी सेपरेटरवर. तिथे हलका, किडका दाणा वेगळा पडतो. शेवटी 30 किलोच्या बॅगा भरतात, कारण एकरी बियाणं साधारण तेवढंच लागतं. बियाणं म्हणून विकायचं तर प्रमाणीकरणाच्या मानकाप्रमाणे उगवण किमान 70 टक्के हवी. सोयाबीनचं सगळं अवघडपण इथे आहे. या दाण्याचं साल पातळ असतं आणि कोंब सालीच्या अगदी आत असतो. दाणा उंचावरून पडला, लोखंडावर आपटला की वरून काही दिसत नाही, पण आत कोंबाला इजा होते. आपल्याकडे उन्हाळ्यात दाण्यातला ओलावा 9 टक्क्यांच्या आसपास येतो, तेव्हा तो आणखी ठिसूळ होतो.

यंत्रात दाण्याला सर्वांत जास्त मार बसतो तो एलेव्हेटरमध्ये. प्रत्येक यंत्राच्या आधी माल वर चढवायला एक बकेट एलेव्हेटर असतो. आमच्या साखळीत असे चार होते. धान्यासाठीचे एलेव्हेटर पट्टा जोरात पळवतात आणि वरच्या टोकाला माल अक्षरशः फेकतात. बियाण्यासाठीचे एलेव्हेटर त्याच्या निम्म्या वेगाने किंवा त्याहून हळू चालतात, त्यांची बकेटं प्लॅस्टिकची असतात आणि माल ओतला जातो. दिसायला दोन्ही सारखेच. दरपत्रकात दोन्हींसमोर ‘बकेट एलेव्हेटर, 4 नग’ एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून तुलनेची सुरुवात दरपत्रकं येण्याच्या आधी, मागणीपत्रात झाली. खरेदीला अनुदानाचा आधार होता आणि अनुदान देणाऱ्या प्रकल्पाचा खरेदीचा शिरस्ता जागतिक बँकेच्या पद्धतीचा: किमान तीन दरपत्रकं घ्यायची, अटी पूर्ण करणारे कोण ते पाहायचं आणि त्यांच्यात ज्याचा सगळा हिशेब धरून खर्च सर्वांत कमी, त्याला काम द्यायचं. या पद्धतीत ‘हे यंत्र आम्हाला जास्त आवडलं’ याला जागा नसते. जे हवं ते अट म्हणून आधी लिहिलेलं असावं लागतं. मार्चच्या बैठकीत संचालकांनी चार अटी मंजूर केल्या. तासाला दोन टन क्षमता. सगळा वीजभार आमच्या मंजूर 40 अश्वशक्तीच्या आत. दिवाळीपूर्वी उभारणी. आणि चौथी अट: आमचंच सोयाबीन पुरवठादाराच्या चालू केंद्रावर संपूर्ण साखळीतून काढून दाखवायचं, त्यात उगवण 5 टक्क्यांहून जास्त घटता कामा नये.

तीन दरपत्रकं आली. त्यांना इथे अ, ब आणि क म्हणतो. स्लाइडवर मी खरी नावं लिहिली होती. नावं झाकण्याचा सल्ला काही जण देतात, पण तालुक्याच्या गावात कोणाचा माणूस कोणाकडे येऊन गेला हे सगळ्यांना ठाऊक असतं. झाकलेलं नाव ओळखण्यातच निम्मी बैठक गेली असती.

आता क्रम. पहिल्या स्लाइडवर एकच वाक्य होतं: आज बियाणे प्रक्रिया यंत्रांचा पुरवठादार ठरवायचा आहे आणि दिवाळीपूर्वी उभारणी हवी असेल तर ऑर्डर या महिन्यात गेली पाहिजे. या वाक्याचा फायदा असा की ‘अजून एखादं दरपत्रक मागवू’ ही सूचना आली, तर तिची किंमत सगळ्यांना माहीत असते. हंगाम हातचा जातो.

दुसऱ्या स्लाइडवर मार्चमधल्या त्याच चार अटी होत्या, ठरावाच्या तारखेसह आणि शब्दही तेच. इथे एकाही पुरवठादाराचं नाव नव्हतं. अटी वाचून मी थांबलो आणि विचारलं, यात काही बदलायचं आहे का? कोणी काही म्हणालं नाही. हा होकार भाव दिसण्याआधी घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. भाव एकदा डोळ्यांसमोर आला की माणूस अटींकडे त्या भावाच्या बाजूने किंवा विरुद्ध पाहू लागतो.

तिसऱ्या स्लाइडवर पहिल्या तीन अटींसमोर तिघांचे रकाने. क्षमता तिघांचीही पुरेशी. मुदत तिघांनीही मान्य केलेली. वीजभारात क अडकला, कारण त्याच्या संचात रंग ओळखून दाणा वेगळा करणारं सॉर्टेक्स यंत्र आणि त्याचा कॉम्प्रेसर धरलेला होता, एकूण भार 55 अश्वशक्ती. सॉर्टेक्स उत्तम यंत्र आहे, पण ते खाण्याच्या डाळी-धान्याला शोभतं. आमच्या बियाण्याला ग्रॅव्हिटी सेपरेटर पुरत होता. शिवाय भार वाढवून घ्यायचा तर ट्रान्सफॉर्मरपासून विषय सुरू होतो. क इथे बाद झाला. त्याचा रकाना मात्र मी काढून टाकला नाही, फक्त राखाडी केला आणि पुढच्या स्लाइडवरही त्याच जागी ठेवला. बाद झालेला रकाना नाहीसा केला की कोणीतरी हमखास विचारतं, ‘त्या तिसऱ्याचं काय झालं?’ आणि गाडी मागे जाते. रकान्यांची जागा आणि रंग शेवटपर्यंत बदलायचे नाहीत, हा नियम मी कसोशीने पाळला. डावीकडे अ, मध्ये ब, उजवीकडे क.

चौथी स्लाइड कोणती, यावर मी सर्वांत जास्त विचार केला. नियमाच्या चौकटीत पाहिलं तर आधी उगवणीची अट तपासायची आणि जो उरेल त्याचाच भाव बोलायचा. चाचणीचे निकाल माझ्या हातात होते. अ त्या अटीत बसत नव्हता. म्हणजे नियमाच्या क्रमाने भावाची तुलना करायलाच नको होती, ब एकटाच उरत होता. पण समोर बसलेली माणसं शेतकरी. अ चा आकडा सर्वांत कमी आहे हे त्यांच्या कानावर आधीच आलेलं. तो आकडा न दाखवता अ ला बाजूला केलं असतं, तर प्रत्येकाच्या मनात राहिलं असतं की साडेतीन लाखांनी स्वस्त माणूस कागदावरच्या टक्केवारीवरून घालवला. निर्णय झाला असता, पण पटला नसता. म्हणून मी भाव आधी ठेवला आणि चाचणी नंतर. इतिवृत्तात क्रम नियमाप्रमाणेच नोंदवला.

भावाच्या स्लाइडवर वर तीन आकडे होते, दरपत्रकात ठळक छापलेले, गोल करून: अ 24 लाख, ब साडेसत्तावीस लाख, क 35 लाख. खाली तेच आकडे एका पातळीवर आणलेले. अ चा भाव कारखान्याच्या दारातला होता. जीएसटी ‘लागू असेल त्याप्रमाणे’ असं लिहिलं होतं. या यंत्रांवरचा कर जुलै 2022 मध्ये 5 वरून 18 टक्क्यांवर गेला होता आणि दोन संचालकांच्या डोक्यात अजून 5 टक्केच होते, म्हणून तो आकडा मी वेगळ्या ओळीत लिहिला: 4 लाख 32 हजार. मग वाहतूक 90 हजार, उभारणी दीड लाख, विजेचं पॅनेल आणि केबल 2 लाख 20 हजार, यातलं काहीच अ च्या भावात नव्हतं. बेरीज 32 लाख 92 हजार. ब च्या भावात वाहतूक, उभारणी आणि पॅनेल आलेलं होतं. त्यावर जीएसटी 4 लाख 95 हजार आणि केबलचे 80 हजार मिळवून 33 लाख 25 हजार. क चे करासह 41 लाख 30 हजार.

साडेतीन लाखांचा फरक 33 हजारांवर आला होता. मी काही बोललो नाही. एक ज्येष्ठ संचालक, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, त्यांनी केबलच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “हे दोन लाख वीस हजार कुठून काढले?” मी स्थानिक इलेक्ट्रिशियनचं अंदाजपत्रक त्यांच्या हातात दिलं. अशा स्लाइडवर प्रत्येक मिळवलेल्या आकड्यामागे एक कागद लागतो. जो आकडा पुरवठादाराने दिलेला नाही, आपण धरलेला आहे, तो मी तिरप्या अक्षरात लिहितो, म्हणजे शंका घ्यायची जागा कुठे आहे ते माणसाला दिसतं. आणि सगळे आकडे एकाच मापात, लाखांत. काही ठिकाणी लाख, काही ठिकाणी पूर्ण रुपये असं झालं की डोळा अडखळतो आणि चुकीची तुलना होते.

पाचवी स्लाइड चाचणीची. उन्हाळ्यात आम्ही फुले संगमचं सोयाबीन तिघांच्या चालू केंद्रांवर नेलं होतं. हे वाण मुद्दाम निवडलं, कारण टपोरा दाणा लवकर फुटतो, आणि वेळही मुद्दाम उन्हाळ्याची, कारण कोरडा दाणा यंत्राचा खरेपणा लगेच दाखवतो. ऑक्टोबरात ओलसर मालावर केलेली चाचणी कोणतंही यंत्र पार करतं. साखळीत घालण्यापूर्वीचा एक आणि बाहेर पडल्यावरचे असे नमुने परभणीच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत दिले. मूळ उगवण 82 टक्के होती. अ च्या साखळीतून काढल्यावर 73, ब च्या 80, क च्या 79.

इथे आकडे वाचण्याबद्दल एक गोष्ट सांगणं भाग होतं. उगवण चाचणी 400 दाण्यांवर होते, शंभर-शंभरच्या चार भागांत. त्यामुळे 80 आणि 82 मधला फरक नशिबाचाही असू शकतो. तेच बियाणं पुन्हा तपासलं तरी इतकं मागेपुढे होतं. ब ने दाणा ‘दोन टक्के बिघडवला’ असं मी म्हटलं नाही, आणि ब हा क पेक्षा एका टक्क्याने चांगला असंही म्हटलं नाही. अ चे 9 टक्के मात्र त्या चढउतारात बसत नाहीत. तेवढा एकच निष्कर्ष स्लाइडवर लिहिला.

तरीही प्रयोगशाळेचा आकडा हा दुसऱ्याने सांगितलेला आकडा. म्हणून त्याच स्लाइडवर फोटो ठेवले. केंद्रावरच करता येणारी एक साधी तपासणी आहे. कपडे धुण्याचं ब्लीच पाण्यात बरंच पातळ करून त्यात शंभर दाणे टाकायचे आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. ज्या दाण्याच्या सालीला तडा गेला आहे तो पाणी ओढून दुप्पट फुगतो, साल सुरकुतते. धड दाणा तसाच राहतो. शंभरात दहाहून जास्त फुगले तर यंत्र दाण्याला मार देतं आहे असं समजायचं. आमच्या मूळ मालात चार फुगले होते, ब च्या मालात सहा, अ च्या मालात सतरा. तीन पांढऱ्या वाट्यांचे फोटो शेजारी शेजारी लावले, प्रत्येकाखाली एक आकडा, बाकी काही नाही. एक संचालक ताई खुर्ची पुढे ओढून टीव्हीजवळ आल्या आणि दाणे मोजू लागल्या.

इथे एका मोहाबद्दल लिहायला हवं. तीन पर्याय असले की गुणतक्ता करावासा वाटतो: किमतीला 40 गुण, गुणवत्तेला 30, सेवेला 20, हमीला 10, आणि बेरीज करून पहिला नंबर. सरकारी कामांत सल्लागार नेमताना असे गुण देतातही, पण तिथे भारांक निविदेतच जाहीर असतात. बैठकीसाठी स्वतः बसून बनवलेल्या तक्त्यावर माझा विश्वास नाही. किमतीचे 40 ऐवजी 50 गुण केले की विजेता बदलू शकतो, आणि 40 का, याचं उत्तर कोणाकडेच नसतं. त्याहून वाईट म्हणजे ज्या यंत्रातून निघालेलं बियाणं उगवत नाही, त्याला हमीचे आणि सेवेचे गुण मिळून ते वर येऊ शकतं. उगवणीची भरपाई हमीने होत नाही. ज्या गोष्टीची भरपाई दुसऱ्या कशाने होत नाही ती अट असते, तिला गुण देऊ नयेत.

सहाव्या स्लाइडला मी एकच हिशेब दिला: 73 टक्के म्हणजे नेमकं काय? 70 च्या वर आहे, म्हणजे पास की, असं कोणीही म्हणेल. पण हे 73 प्रक्रियेच्या दिवशीचे. बियाणं पेरणीपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत गोदामात राहतं, आणि सोयाबीनची उगवण साठवणीत इतर पिकांपेक्षा लवकर उतरते. त्यात ज्याचं साल आधीच तडकलेलं, ते आणखी लवकर. 100 क्विंटलची एक लॉट जरी 70 च्या खाली गेली तर ती धान्य म्हणून बाजार समितीत विकावी लागते. बियाणं आणि धान्य यांच्या भावात क्विंटलमागे अडीच हजारांचा फरक धरला तरी एका लॉटमागे अडीच लाख. त्याच्या शेजारी भावाच्या स्लाइडवरचे 33 हजार लिहिले. ही स्लाइड चाचणीच्या आधी ठेवली असती तर ती भीती घातल्यासारखी वाटली असती. फोटो पाहिल्यावर मात्र हा प्रश्न त्यांच्याच तोंडी आला होता: “सर, मग लॉट नापास झाली तर?” पुढची स्लाइड त्या प्रश्नाचं उत्तर होती. क्रम बरोबर लागला की नाही हे ओळखायची माझ्याकडे हीच खूण आहे. पुढच्या स्लाइडचा प्रश्न आधीच्या स्लाइडवर कोणीतरी विचारलेला असावा.

यानंतर अपेक्षित आक्षेप आला. “अ ला सांगू की एलेव्हेटर बदलून दे म्हणून. तो ऐकेल.” मांडलेला मुद्दा गैर नव्हता. यासाठी मी एक स्लाइड राखून ठेवली होती, क्रमात न घेतलेली, गरज पडली तरच उघडायची. त्यावर दोन ओळी होत्या. दरपत्रकं उघडल्यावर एकालाच सुधारणेची संधी देता येत नाही. द्यायची तर मागणीपत्र पुन्हा तिघांनाही द्यावं लागेल, नवे भाव, नवी चाचणी. आणि त्याला लागणारा वेळ धरला तर उभारणी दिवाळीनंतर जाते. तो मार्ग खुला होता आणि त्याची किंमतही लिहिलेली होती. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला हा मार्ग घ्यायचा आहे का? आण्णांनी मान हलवली, “हंगाम सोडून काय करायचं?”

सातवी आणि शेवटची स्लाइड. बहुतेक सादरीकरणांत इथे ‘धन्यवाद’ असतं. मी इथे ठरावाचा मसुदा ठेवला होता, इतिवृत्तात जसा लिहायचा तसाच: ब यांचं दरपत्रक अटींची पूर्तता करणाऱ्यांत सर्वांत कमी एकूण खर्चाचं असल्याने मंजूर करण्यात येत आहे, अ आणि क यांची दरपत्रकं कोणत्या अटीवर अपात्र ठरली, रक्कम किती, पैसे कसे द्यायचे. खाली दोन मोकळ्या जागा: सूचक आणि अनुमोदक. संचालक मंडळाचा निर्णय या दोन नावांनीच पुरा होतो. मंडळ ‘बघू’ म्हणून उठतं ते पुष्कळदा ठरावाचे शब्द समोर नसतात म्हणून. शब्द समोर असले की चर्चा त्या शब्दांवर होते, आणि तशीच झाली. ताईंनी पैसे देण्याच्या ओळीवर हरकत घेतली. मसुद्यात उभारणी पूर्ण झाल्यावर सगळी रक्कम द्यायची असं होतं. त्या म्हणाल्या, “चाचणी त्याच्या केंद्रावर झाली, आपल्याकडे कुठं झालीय?”

त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. पुरवठादाराच्या केंद्रावर चांगलं चाललेलं यंत्र आमच्या शेडमध्ये वेगळ्या उंचीवर, वेगळ्या पुलीने बसवलं तर पट्ट्याचा वेग बदलू शकतो. तिथेच कीबोर्ड घेऊन ओळ बदलली: 10 टक्के रक्कम राखून ठेवायची, आमच्या केंद्रावर आमच्याच मालाची उगवण आधी आणि नंतर तपासून घट 5 टक्क्यांच्या आत आली की द्यायची. दिवाळीनंतरचा माल ओलसर असतो म्हणून ही तपासणी फेब्रुवारीपासूनच्या कोरड्या मालावर करायची, हेही त्यात घातलं. ब ने ही अट मान्य केली. फेब्रुवारीत नमुने परभणीला गेले तेव्हा चारपैकी एका एलेव्हेटरचा वेग आम्हाला जास्त वाटत होता. तो पुली बदलून कमी करून घेतला, नमुने पुन्हा काढले, आणि राखलेली रक्कम त्यानंतर दिली.